देवाचे मौन : सोलापूर-मंगळवेढा परिसरातील भक्तिपरंपरा आणि शंका

मनापासून प्रार्थना करूनही काहीच घडले नाही, तेव्हा भक्ताच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. देवाने ऐकले का, आणि ऐकले असेल तर तो गप्प का? सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न फार जुना आहे. एकीकडे पंढरपूर, दुसरीकडे अक्कलकोट, मध्ये सिद्धरामेश्वरांचे सोलापूर आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर, असा हा नवसासायासांचा मुलूख आहे.

नवसात देवाचे गप्प राहणे तसे सोपे करून घेतलेले असते. काम झाले तर नवस फेडायचा आणि नाही झाले तर कारण भक्तातच शोधायचे : मागचा नवस फेडायचा राहिला, कुलाचारात खंड पडला, श्रद्धा कमी पडली. या उत्तराने देव सुटतो आणि दुःखी माणूस मात्र दुहेरी अडकतो. मूल गेलेल्या आईला ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल’ असे सांगितले जाते, ते याच समजुतीतून. वारकरी संतांनी नवसाची ही देवघेव नाकारली. नवसाने मुले होत असतील तर नवरा कशाला करावा, असे तुकोबांनी रोखठोक विचारले. पण देवघेव नाकारली तरी मौनाचा प्रश्न मिटत नाही, उलट अधिक टोकदार होतो. तो किती टोकदार होऊ शकतो हे पाहायचे तर मंगळवेढ्याला जावे.

पंढरपूरपासून सुमारे 25 किलोमीटरवरच्या या एका गावाशी तीन भक्तांच्या कथा जोडलेल्या आहेत आणि तिघांना मिळालेले उत्तर वेगवेगळे आहे. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली. बादशहाचा कोप ओढवला, तेव्हा विठ्ठल विठू महार होऊन बेदरला गेला आणि त्याने धान्याची रक्कम भरली. कान्होपात्रेला बादशहाच्या दरबारात नेण्याचा हुकूम सुटला. तिने विठ्ठलाला साकडे घातले आणि त्याच्या पायाशीच प्राण सोडला. तिची सुटका झाली, पण जीव वाचला नाही. तिसरा चोखामेळा. त्याचे मागणे सर्वांत साधे होते, देवळात जाऊन देवाला पाहावे एवढेच. ते त्याला हयातीत मिळाले नाही. परंपरेनुसार शके 1260 म्हणजे 1338 मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळली आणि तो इतर मजुरांसह गाडला गेला. नामदेवांनी त्याची हाडे शोधून आणली, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोख्याची, अशी कथा आहे. समाधी बांधली गेली ती देवळाच्या महाद्वारासमोर, म्हणजे बाहेरच. दामाजीसाठी देव ज्या जातीचे रूप घेतो, त्याच जातीचा भक्त दाराबाहेर राहतो. या तीन कथा शेजारीशेजारी ठेवल्या की हे टोचल्याशिवाय राहत नाही.

चोख्याच्या घरात या मौनाचा अर्थ एकमताने लावला गेला नाही, आणि नोंद घ्यावी अशी खरी गोष्ट हीच आहे. चोख्याच्या नावावरच्या एका अभंगात तो आपला जन्म पूर्वजन्मीच्या कृष्णनिंदेचे फळ मानतो. इथे दोष पुन्हा भक्ताकडे येतो, फक्त या जन्मातून मागच्या जन्मात सरकतो. दुसऱ्या अभंगांत मात्र तोच विचारतो की लोक मला हीन म्हणतात, मग तुझी सेवा माझ्या हातून घडायची कशी? त्याचा मुलगा कर्ममेळा कर्मफळाचा आधार घेतच नाही. ‘आमुची केली हीन याती, तुज कां न कळे श्रीपती’ असा त्याचा थेट सवाल आहे. उष्टे खाण्यात जन्म गेला, तुला लाज कशी वाटत नाही, असे तो पुढे म्हणतो आणि ‘कासया जन्म दिला मला’ यावर थांबतो. अभंगात उत्तर नाही, समजूत नाही, शेवटी शरणागतीही नाही. तरी हा अभंग विठ्ठलालाच उद्देशून आहे आणि वारकऱ्यांनी तो टाकून न देता संतवाणीत ठेवला. माझ्या मते या परंपरेची श्रद्धा टिकली त्याचे एक कारण इथे आहे. देवाशी भांडणारा माणूस तिने पाखंडी ठरवला नाही.

चरित्रकथांनी मात्र ही पोकळी भरून काढली. चोख्याची बायको सोयराबाई हिच्या बाळंतपणाला विठ्ठल नणंदेच्या रूपाने आला, चोख्याला बैलांना जुंपून मारायचे ठरले तेव्हा बैल जागचे हललेच नाहीत, अशा कथा सांगितल्या गेल्या. महिपतींचा ‘भक्तविजय’ 1762 मधला, म्हणजे चोख्यानंतर चार शतकांनी लिहिलेला. कथेत देव धावून येतो, अभंगात तो गप्प असतो. दोन्ही एकाच कीर्तनात ऐकायला मिळतात, पण त्यांची सरमिसळ करू नये.

सोलापूरच्या सिद्धरामांच्या कथेत मौनाला वेगळे वळण आहे. बाराव्या शतकातल्या या शरणाला, म्हणजे शिवभक्त संताला, लहानपणी मल्लय्या नावाचा जंगम भेटला आणि त्याने खायला मागितले. मुलगा घरून घेऊन येईपर्यंत तो दिसेनासा झाला. ‘मल्लय्या, मल्लय्या’ असा आक्रोश करीत मुलगा श्रीशैलापर्यंत गेला आणि कड्यावरून उडी घेणार, तोच देव प्रकटला. पण देवाने त्याला तिथे ठेवून घेतले नाही. परत जा आणि आपल्या गावाचेच श्रीशैल कर, असे सांगितले. सोलापूरचा तलाव आणि गावाभोवतीची 68 लिंगे परंपरा सिद्धरामांच्याच नावावर सांगते. हरवलेल्या देवाचा शोध इथे पाणी साठवण्याच्या कामात उतरतो.

शहरातल्या मुस्लिम घरांत दुआ कबूल न होण्याबद्दल एक हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, सांगितली जाते. पापाची किंवा नाते तोडण्याची नसेल ती दुआ वाया जात नाही. मागितलेले इथेच मिळते, आखिरतसाठी, म्हणजे मृत्यूनंतरच्या जीवनासाठी, जमा राहते, किंवा तेवढे संकट टळते. दुसऱ्या हदीसमध्ये घाईची मनाई आहे. ‘मागितले, मिळाले नाही’ म्हणून दुआ सोडू नये. ख्रिस्ती परंपरेत मात्र तक्रार हाच उपासनेचा भाग आहे. बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांतली बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात, पण 88 वे स्तोत्र अंधारातच संपते. कर्ममेळ्याच्या अभंगाला जवळचे काही शोधायचे तर तेच.

पंढरीच्या देवळाचे दार अस्पृश्यांना उघडले ते मे 1947 मध्ये, साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणानंतर. चोख्याच्या मृत्यूला तेव्हा सहा शतके उलटून गेली होती. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. पण चोख्याला मान देऊनही त्याची वाट त्यांनी धरली नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दीक्षा घेताना हिंदू देवदेवतांची उपासना सोडण्याच्या प्रतिज्ञा झाल्या. जिल्ह्यातल्या बौद्ध वस्त्यांत आज त्रिशरण आणि पंचशील म्हटले जाते. त्यात बुद्धाकडे काही मागायचे नसते, पाच नियम पाळण्याची जबाबदारी म्हणणाऱ्याने स्वतःवर घ्यायची असते. त्यामुळे कोण गप्प आहे, हा प्रश्नच तिथे उरत नाही.