मागणीची किंमत लवचिकता आणि भाव ठरवणं

किंमत बदलली की मागणी किती हलते ते मोजायचं माप म्हणजे मागणीची किंमत लवचिकता. मागणीतला शेकडा बदल भागिले किंमतीतला शेकडा बदल, एवढंच सूत्र. उत्तर वजा येतं कारण किंमत चढली की मागणी उतरते, पण वाचताना वजाचं चिन्ह सोडून देतात. आकडा १ पेक्षा जास्त असेल तर मागणी जास्त लवचिक, कमी असेल तर कमी लवचिक, बरोबर १ असेल तर एकक लवचिक. आल्फ्रेड मार्शलने १८९० मध्ये ही संकल्पना नीट मांडली. परीक्षेत व्याख्या सगळेच लिहितात, मार्क जातात ते "मग भाव वाढवावा का?" या प्रश्नात.

समजा कॉलेजबाहेर वडापावची गाडी आहे. १५ रुपयाला रोज २०० वडापाव जातात, म्हणजे गल्ला ३००० रुपये. मालकाने भाव १८ केला आणि विक्री १७० वर आली. किंमत २० टक्के वाढली, मागणी १५ टक्के घटली, लवचिकता ०.७५. गिऱ्हाईक कमी झालं तरी गल्ला ३०६० झाला. मग त्याने भाव २० केला, विक्री १४५ झाली. आता किंमत साधारण ११ टक्के वाढली पण मागणी जवळपास १५ टक्के पडली, लवचिकता १.३ च्या आसपास, आणि गल्ला उतरून २९०० वर आला. गल्ल्याकडे बघून लवचिकता ओळखायच्या या पद्धतीला पुस्तकात एकूण खर्च पद्धत म्हणतात, आणि इथेच पोरं फसतात, कारण हा खर्च गिऱ्हाइकाचा असतो, दुकानदाराचा नाही!

आता बहुतेक उत्तरपत्रिकांत पुढचं वाक्य असतं की मागणी लवचिक झाली, गल्ला घटला, म्हणून २० चा भाव चुकला. हे घाईचं आहे. एका वडापावमागे पाव, बटाटा, तेल, गॅस धरून ९ रुपये लागतात असं धरू. १५ ला नफा होता १२०० रुपये, १८ ला १५३०, आणि २० ला प्रत्येकी ११ रुपये सुटतात म्हणून १४५ नगांवर १५९५. म्हणजे गल्ला १६० ने कमी पण २५ वडापाव कमी बनवायचे असल्याने खर्च २२५ ने कमी, सगळं धरून ६५ रुपये जास्तच सुटले. पुढे २२ केला आणि विक्री ११० वर आली तर मात्र नफा १४३० होतो, म्हणजे या चार भावांत २० च बरा.

यातून एक गोष्ट निघते. मागणी कमी लवचिक असेल तोवर भाव वाढवला की गल्ला वाढतो आणि माल कमी करावा लागल्याने खर्चही घटतो, त्यामुळे नफा बघणारा आणि भाव स्वतः ठरवू शकणारा विक्रेता त्या टप्प्यात थांबणारच नाही, तो लवचिक टप्प्यात जाऊन थांबतो. कुठे थांबायचं त्याचाही नियम आहे: किंमतीतून सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक नग बनवायला लागणारा खर्च, वजा करून किंमतीने भागलं की १ भागिले लवचिकता एवढं उत्तर यायला हवं. आपल्या गाडीवर २० ला हे ११ भागिले २०, म्हणजे ०.५५, त्यावरून लवचिकता १.८ च्या आसपास हवी, आणि खरंच १८ ते २० मध्ये ती त्याहून कमी आहे, २० ते २२ मध्ये त्याहून जास्त.

आकडा काढताना एक गंमत होते. १५ वरून १८ ला जाताना ०.७५ आला, पण तेच १८ वरून १५ ला उलटं मोजलं तर १.०६ येतो, कारण टक्क्यांचा पाया बदलतो. म्हणून बदल मोठा असेल तर दोन्ही किंमतींची आणि दोन्ही नगांची सरासरी पाया धरायची, मग दोन्हीकडून ०.८९ च येतो.

आणि लवचिकता कोणाची तेही बघावं लागतं. कांद्याची मागणी कमी लवचिक आहे, पण म्हणून लासलगावला ट्रॅक्टर घेऊन आलेला एकटा शेतकरी भाव वाढवू शकत नाही, त्याने जास्त मागितले तर व्यापारी शेजारच्या ट्रॅक्टरकडे वळेल. बाजाराची मागणी ताठर, त्याच्या एकट्याच्या मालाची जवळजवळ संपूर्ण लवचिक. वडापाववाल्याचंही तसंच, समोर दुसरी गाडी १५ ला विकायला लागली की वरचे सगळे आकडे बदलतात. शिवाय भाव वाढवला त्याच आठवड्यात कॉलेजला सुट्टी लागली असेल तर विक्रीतली घट किंमतीच्या नावावर टाकता येत नाही, "इतर परिस्थिती स्थिर" ही अट मोडलेली असते, आणि तो आकडा मग लवचिकता म्हणून वापरता येत नाही.