टाकीच्या आतला फोटो आणि फ्लशचे तीन जमाने

बिघडलेल्या फ्लशचा सुटा भाग घ्यायला जाऊन टाकीचं झाकण काढून काढलेला फोटो दुकानदाराला दाखवला की तो आधी कंपनी विचारतो. खरं तर आधी ठरवायला हवं ते हे, की आतली यंत्रणा कुठल्या जमान्यातली आहे.

परळ-लालबागच्या जुन्या चाळींत डोक्यावर बिडाची टाकी आणि लोंबती साखळी असायची. ही इंग्रजांकडून आलेली सायफनची पद्धत. टाकीच्या तळाला झडपच नसते. बाहेर जाणाऱ्या नळीचं तोंड पाण्याच्या वर असतं आणि साखळी ओढली की पाणी त्यावरून ढकललं जातं. त्यामुळे वॉशर झिजून पाणी झिरपण्याचा प्रश्नच येत नाही. पाणी वाया जाऊ नये म्हणून ब्रिटनमध्ये घरगुती टाक्यांना 2001 पर्यंत सायफनच सक्तीचा होता. पुढे प्लॅस्टिकच्या टाकीतही सायफन आला, फक्त त्यात पातळ पडदा असतो. तो फाटला की दांडा तीन-चारदा दाबावा लागतो.

अमेरिकेकडच्या पद्धतीत तळाच्या भोकावर रबरी झाकण बसतं, त्याला फ्लॅपर म्हणतात. फोटोत बारीक साखळी आणि बिजागरीवर उघडणारं झाकण दिसलं की हाच प्रकार.

तिसरा जमाना दोन बटणांचा. 1980 मध्ये ऑस्ट्रेलियात कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसन यांनी 11 आणि साडेपाच लिटरची दुहेरी टाकी काढली. आपल्याकडच्या नव्या इमारतींत आता बहुधा 6 आणि 3 लिटर असतं. इथे टाकीच्या मधोमध प्लॅस्टिकचा मनोरा उभा असतो आणि तळाशी गोल वॉशर. पाणी कमी लागतं हे खरं, पण सायफनला कधी न जडलेलं गळतीचं दुखणं या झडपेबरोबर आलं.

समजा, फोटोत असा मनोरा आहे आणि कमोडमध्ये सतत बारीक धार लागली आहे. मनोऱ्याची ओव्हरफ्लो नळी पाहा. पाणी तिच्या तोंडापर्यंत चढून आत पडत असेल तर दोष टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या बॉलकॉकचा, मनोरा बदलून उपयोग नाही. पाणी त्याखालीच असेल तर टाकीत खाण्याचा रंग टाका आणि फ्लश न करता थांबा. कमोडमध्ये रंग उतरला तर वॉशर गेला. टँकरच्या जड पाण्याने तो कडक होतो, नाहीतर त्यावर क्षार बसतात. बहुतेक मनोरे थोडे फिरवले की बुडातून सुटतात, मग तेवढा वॉशरच नेऊन जुळवावा. प्लंबर बऱ्याचदा अख्खा सेट बदलायला सांगतो, तो नेहमी लागतोच असं नाही.

पूर्ण मनोराच घ्यायचा असेल तर एक फोटो पुरत नाही. बटणाखाली दांड्या आहेत की केबल, हे वरून दिसतं. पण मनोऱ्याची उंची आणि टाकीच्या तळातल्या भोकाचा व्यास फोटोवरून कळत नाही, म्हणून शेजारी मोजपट्टी उभी धरून दुसरा फोटो काढावा. भोकाचं माप मात्र टाकी रिकामी करून, बूड काढल्यावरच मिळतं.