खरजाची तार ‘सा’ म्हणते की ‘प’? तंबोऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा आलेख असा वाचा

जवारी लावून तंबोरा घरी नेलेले ग्राहक हल्ली फोनवर मुद्रण करून आम्हाला पाठवतात, सोबत आलेखाचा फोटोही असतो. त्यातली सर्वांत जास्त येणारी तक्रार अशी: “खरजाची तार काळी एकच्या षड्जात लावली, पण संगणक तिला पंचम म्हणतो.” बहुतेक वेळा तार बरोबरच्या आसपास असते. चुकतं ते आलेखाचं वाचन.

एकच तार छेडली तरी तिच्यातून एकच स्वर निघत नाही. काळी एकला खरज साधारण 69.3 हर्ट्झवर असतो. त्याबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी कंपनंही उमटतात. आलेखात आडव्या रेषेवर कंपनसंख्या आणि उभ्या रेषेवर जोर असतो, म्हणून या प्रत्येक कंपनाचं एक टोकदार शिखर दिसतं. 69.3 ची तिप्पट म्हणजे 207.9, आणि तो मंद्र पंचमाच्या वरचा, म्हणजे मध्य सप्तकातला पंचम. फोनच्या छोट्या मायक्रोफोनला 70 हर्ट्झच्या खालच्या-वरच्या भागातलं फारसं पकडता येत नाही, शिवाय जवारीमुळे जोर वरच्या शिखरांकडे सरकतो. त्यामुळे सर्वांत उंच शिखर अनेकदा हेच तिसरं निघतं. संगणक उंच शिखराचं नाव सांगतो, तारेचं नाही.

म्हणून उंची सोडा, शिखरांमधलं अंतर मोजा. शेजारची शिखरं जितक्या हर्ट्झच्या अंतराने येतात, तोच तारेचा मूळ स्वर, मग त्याचं स्वतःचं शिखर आलेखात दिसो वा न दिसो. आपला कानही बहुधा हेच करतो. फोनवर मूळ कंपन जवळजवळ गायब असलं तरी आपल्याला खरज ऐकू येतो तो त्यामुळेच.

परवा आलेलंच एक उदाहरण घ्या. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये शिखरं दिसत होती 137, 206, 275, 343, 412 वर. सर्वांत उंच 206 चं, आणि त्यापुढे पडद्यावर G#3, म्हणजे काळी एकचा पंचम, लिहिलेलं. ग्राहक घाबरले होते. पण अंतर सगळीकडे 69 च्या जवळपास, म्हणजे तार खरजाचीच. (343 वालं, म्हणजे मूळ कंपनाच्या पाचपटीचं शिखर, हा तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार.)

आता तार किती उतरलेली, हे पाहायचं तर 69 हा ढोबळ आकडा पुरत नाही. त्यासाठी दहावं, म्हणजे मूळ कंपनाच्या दहापटीचं शिखर शोधा आणि त्याला दहाने भागा. वाचताना एखाद्या हर्ट्झची चूक झाली तरी भागल्यावर ती दहावा हिस्साच उरते. या मुद्रणात दहावं शिखर 687 वर होतं. म्हणजे मूळ स्वर 68.7, हव्या असलेल्या 69.3 पेक्षा 0.6 ने कमी. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर तार सुमारे पंधरा भाग उतरलेली होती. जोडीच्या तारा 138.6 वर असल्या, तर खरजाचं दुसरं शिखर त्यांच्यापेक्षा 1.2 हर्ट्झने खाली पडतं आणि सेकंदाला एखादी लाट ऐकू येते. ग्राहकांना कानाला खटकत होतं ते हेच. खुंटी जराशी आवळून मण्याने उरलेलं साधलं, काम झालं.

आलेख काढताना एक चूक टाळा. ऑडॅसिटीत तारेच्या आवाजाचा भाग निवडून `Analyze > Plot Spectrum` उघडा आणि `Size` मध्ये 65536 निवडा. मुद्रण सेकंदाला 44100 नमुन्यांचं असेल तर आलेखातले बिंदू 0.67 हर्ट्झच्या अंतराने येतात. 4096 ठेवलंत तर तेच अंतर जवळजवळ 10.8 हर्ट्झ होतं. जोडीच्या तारेवर अर्धा स्वर सुमारे 8 हर्ट्झचा, त्यामुळे आलेख गुळगुळीत दिसला तरी सूर ठरवायला निरुपयोगी. मोठ्या आकाराला किमान दीड सेकंदाचा सलग आवाज लागतो. छेडल्याक्षणी तार किंचित चढी असते, म्हणून पहिला क्षण सोडून पुढचा भाग निवडा. `Axis` ला `Linear frequency` ठेवा, नाहीतर समान अंतरं समान दिसणार नाहीत.

50, 100, 150 वर सरळ, अरुंद शिखरं दिसली तर ती बहुधा विजेची. तार न छेडलेल्या भागाचा आलेख काढा. शिखरं तिथेही असतील तर ती मोजू नका. फोनमधली गोंगाट कमी करण्याची सोय बंद ठेवा, कारण सलग वाजणाऱ्या तंबोऱ्याला ती गोंगाटच समजते आणि पुसू लागते.

वरची शिखरं कमी दिसतात म्हणजे जवारी बिघडली, असा निष्कर्ष मात्र फोनच्या मुद्रणावरून आम्हीही काढत नाही. फोन बदलला, तो भोपळ्याजवळ न ठेवता दूर ठेवला, तरी उंच्या बदलतात. जागा बदलत नाहीत. त्यामुळे सुराची शंका मुद्रणावरून मिटते, जवारीसाठी वाद्य दुकानात आणावं लागतं. मुद्रण पाठवताना एका वेळी एकच तार छेडा, बाकीच्या तारांवर हलका हात ठेवा, आणि पट्टी कोणती ते सुरुवातीलाच बोलून ठेवा.