बाळंतिणीचा मृत्यू : गुंतागुंत कोणती आणि हलगर्जीपणा कोणता?

‘डॉक्टरच्या हलगर्जीपणामुळे बाळंतिणीचा मृत्यू, नातेवाइकांचा आरोप.’ मराठवाड्यातल्या जिल्हा पानांवर अशी शीर्षकं नेहमी दिसतात. त्यातला पहिला अर्धा भाग निकाल देऊन मोकळा होतो आणि आरोप मागून येतो. बातमी लिहिली जाते तेव्हा वार्ताहराच्या हाती बहुधा नातेवाइकांचं म्हणणं आणि दवाखान्यासमोरच्या जमावाचा फोटो, एवढंच असतं. त्या रात्री जे घडलं ती उपचारातली गुंतागुंत होती की उपचारातला हलगर्जीपणा, हे त्यावरून सांगताच येत नाही. दोन्हींचा शेवट सारखाच दिसतो, म्हणून घोटाळा होतो.

प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव ही गुंतागुंत आहे. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आवळलं नाही, सैल राहिलं, की रक्त वाहत राहतं. सगळं नीट केलेल्या बाळंतपणातही हे होऊ शकतं, आणि आधी रक्त कमी असलेल्या बाईला ते फार लवकर जिवावर बेततं. त्यामुळे रक्तस्राव सुरू झाला एवढ्यावरून कुणाला दोषी धरता येत नाही. हलगर्जीपणाचा प्रश्न त्याच्या पुढे येतो: तो कुणाच्या, किती वेळात लक्षात आला आणि मग काय केलं?

एक कल्पित प्रसंग घेऊ. धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, खासगी प्रसूतिगृह. रात्री 10:40 ला बाई बाळंत झाली आणि पहाटे लातूरला नेताना वाटेत गेली. नातेवाईक म्हणतात, ‘डॉक्टर आलेच नाहीत, शेवटी आमच्यावर ढकललं.’

आता केसपेपर असा असेल तर पाहा. बाळ होताच गर्भाशय आवळावं म्हणून ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन दिलं. 11:05 ला नर्सने लिहिलं की पॅड भिजला, नाडी 110, गर्भाशय सैल, डॉक्टरांना बोलावलं. 11:15 ला गर्भाशयाचं मालिश सुरू, रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झामिक ॲसिड 1 ग्रॅम शिरेतून दिलं. 11:25 ला रक्तासाठी मागणी, 11:40 ला लातूरला पाठवायचा निर्णय. 108 ची गाडी आली 12:50 ला. इथे मृत्यू झाला तरी दवाखान्याने जे करायचं ते वेळेत केलेलं दिसतं. मग बातमी दुसरीकडे वळते: तालुक्याला रक्त साठवणूक केंद्र का नव्हतं आणि गाडीला सत्तर मिनिटं का लागली? नातेवाइकांचं दुःख तेवढंच खरं असतं, पण ‘डॉक्टर आलेच नाहीत’ हे कागदाशी जुळत नाही आणि तेही बातमीत यायला हवं.

दुसरा केसपेपर असा: 10:55 ला नाडी 88. त्यानंतरची नोंद थेट 12:30 ची, नाडी 140, रक्तदाब मोजता येत नाही. डॉक्टर घरून आले 12:45 ला. ट्रानेक्झामिक ॲसिडची नोंदच नाही. रक्तस्राव याही वेळी गुंतागुंतच होता, पण पंच्याण्णव मिनिटं बाईकडे कुणी पाहिलं का, हा प्रश्न दवाखान्यालाच विचारावा लागतो. रक्त जाऊ लागलं की आधी नाडी वाढते आणि रक्तदाब बराच उशिरा पडतो. म्हणून रक्तदाबाचा एकच आकडा दाखवून ‘ती तोपर्यंत ठीक होती’ असं कुणी सांगितलं, तर नाडीच्या नोंदी मागाव्यात. त्याच वेळी हेही लक्षात ठेवावं की लिहिलं नाही म्हणजे पाहिलंच नाही, असं सिद्ध होत नाही. त्या पाळीतल्या नर्सशी बोलल्याशिवाय ती पोकळी भरू नये.

हे कागद मिळतात कसे? वार्ताहराला दवाखाना ते देणार नाही आणि देऊही नयेत. पण 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास कागदपत्रं 72 तासांत द्यावी लागतात आणि भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. म्हणून नातेवाइकांना लेखी अर्ज करायला सांगावं आणि पोच घ्यायला लावावी. त्यात फक्त डिस्चार्ज किंवा रेफरची चिठ्ठी नको. नर्सिंग नोट्स, नाडी-रक्तदाबाचा चार्ट, औषधांचा चार्ट आणि संमतीपत्रंही हवीत. मग या वेळा बाहेरच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात: 108 ला फोन केव्हा गेला, रक्तपेढीकडे मागणी केव्हा पोचली, मेडिकलच्या बिलावर कोणती वेळ आहे. दवाखान्याच्या कागदात नंतर फेरफार झाला असेल तर तो बहुधा इथेच उघडा पडतो. दर पंधरा मिनिटांनी तंतोतंत तेच आकडे, सगळं एकाच हाताचं आणि एका बैठकीत लिहिल्यासारखं, हीदेखील शंकेची जागा आहे. मात्र धावपळ संपल्यावर लिहिलेली आणि ‘नंतर लिहिली’ असं नमूद केलेली नोंद गैर नसते.

शवविच्छेदन अहवालाबद्दल फार गैरसमज आहे. तो मृत्यूचं कारण सांगतो, चूक कुणाची हे सांगत नाही. ‘अतिरक्तस्रावाने मृत्यू’ हे वाक्य वरच्या दोन्ही केसपेपरांना सारखंच लागू पडतं. व्हिसेरा, म्हणजे अवयवांचे नमुने, तपासणीसाठी राखून ठेवला असेल तर कारणही अजून अंतिम नसतं.

म्हणून तज्ज्ञाचं मत लागतं, आणि ते त्याच शाखेतल्या माणसाचं. बाळंतपणाच्या प्रकरणात फिजिशियनचं मत उपयोगाचं नाही. गावातला स्पर्धक डॉक्टर टाळावा, संबंधित डॉक्टरचा वर्गमित्रही टाळावा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला नावं झाकलेली कागदपत्रं द्यावीत आणि ‘चूक कुणाची?’ असं न विचारता विचारावं, ‘11 वाजता, हाताशी एवढीच साधनं असताना, साधारण कुशल डॉक्टरने काय केलं असतं?’ शेवट माहीत असला की मागे वळून सगळंच उघड दिसतं, म्हणून प्रश्न त्या वेळेपुरता बांधायचा. दुसरा प्रश्न: ‘ते वेळेत केलं असतं तर ती वाचण्याची शक्यता कितपत होती?’ कसूर झाली, पण मृत्यू तिच्यामुळेच झाला असं सांगता येत नाही, अशीही उत्तरं येतात. ती तशीच छापावीत.

फौजदारी गुन्ह्याची पायरी याहून वरची आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलं की डॉक्टरवर त्यासाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो आणि तपास अधिकाऱ्याने आधी त्याच शाखेतल्या स्वतंत्र डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, मत घ्यावं. त्यामुळे पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली असताना ‘डॉक्टरवर गुन्हा’ असं लिहिणं थेट चूक आहे. नोंदीची प्रत पाहूनच शब्द निवडावा. आणि फौजदारी गुन्हा ठरला नाही म्हणून ग्राहक आयोगातला भरपाईचा रस्ता बंद होत नाही. तिथे घोर निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही.

डॉक्टरची बाजू घेताना एक अडचण येते: रुग्णाची माहिती बाहेर न सांगणं हे त्यांचं कर्तव्य आहे. ‘प्रतिक्रिया देण्यास नकार’ असं लिहिण्यापूर्वी नातेवाइकांकडून ‘डॉक्टरांनी या उपचाराबद्दल बोलायला आमची हरकत नाही’ असं सहीचं पत्र घ्यावं आणि प्रश्नांसोबत पाठवावं. प्रश्नही वेळेनिशी असावेत: ‘10:55 ते 12:30 मध्ये रुग्णाची तपासणी कुणी केली?’ उत्तराला किमान एक पूर्ण दिवस द्यावा. डॉक्टर त्या वेळी दुसऱ्या शस्त्रक्रियेत असल्याचं सांगतील, तर ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर दाखवता येईल का, हे विचारावं.

पहिल्या दिवशी शीर्षक असं असू शकतं: ‘प्रसूतीनंतर महिलेचा मृत्यू, उपचाराला उशीर झाल्याचा नातेवाइकांचा आरोप, दवाखान्याकडून इन्कार’. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीचं मत काही महिन्यांनी येतं, तेव्हा तिला कोणती कागदपत्रं दिली होती आणि तिच्यात स्त्रीरोगतज्ज्ञ होता का, हे तपासून ते पहिल्या बातमीएवढ्याच जागेत द्यावं, निष्कर्ष कुणाच्याही बाजूचा असो.