टीव्हीचे इनपुट: नाव बदलणे आणि लपवणे

टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये एचडीएमआय इनपुटला नाव देण्याची आणि तो लपवण्याची सोय बहुधा एकाच ठिकाणी असते, त्यामुळे दोन्हींचा हेतू एकच असावा असे वाटते. प्रत्यक्षात नाव दिल्याने सोर्सच्या यादीतला इनपुट ओळखता येतो, तर लपवल्याने तो यादीतून नाहीसा होतो, आणि चुकीचा पर्याय निवडला तर घरातल्यांची अडचण कमी होण्याऐवजी वाढते.

एका घरातली मांडणी पाहू. HDMI 1 ला सेट-टॉप बॉक्स, HDMI 2 वर म्हणजे एआरसी असे छापलेल्या, टीव्हीचा आवाज बाहेर पाठवू शकणाऱ्या पोर्टवर साउंडबार, आणि HDMI 3 रिकामा. आजींना मालिका पाहायच्या असतात, पण त्या यादीतून HDMI 2 निवडतात आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ असे दिसते. साउंडबार टीव्हीकडून आवाज घेतो, चित्र पाठवत नाही, म्हणून हा इनपुट यादीत असण्याचे कारणच नाही. तो लपवावा. लपवल्याने पोर्ट बंद होत नाही, आवाज पूर्वीसारखाच येत राहतो. मात्र सेट-टॉप बॉक्सची केबल साउंडबारमधून टीव्हीकडे आणलेली असेल, तर चित्र याच इनपुटवर येते, आणि तो लपवला की आजींची वाटच बंद होते. त्यामुळे लपवण्याआधी केबल हाताने चाचपून कोठून कोठे जाते ते पाहावे.

HDMI 1 ला नाव हवे. घरात त्याला ‘डिश’ म्हणत असतील तर तेच द्यावे. टीव्हीच्या कीबोर्डवर देवनागरी नसेल तर Dish असे टाइप करावे. हे नाव उपकरणाला नव्हे, पोर्टला चिकटते. साफसफाईच्या वेळी केबल काढून HDMI 3 मध्ये लावली, तर ‘Dish’ निवडल्यावर काळा पडदा दिसेल. सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलवरून उपकरणांनी एकमेकांना सूचना देण्याची सोय, चालू असल्यास काही टीव्ही जोडलेल्या उपकरणाने कळवलेले नाव दाखवतात, पण ते बहुधा कंपनीचे किंवा मॉडेलचे असते आणि आजींच्या उपयोगाचे नसते. सॅमसंग व एलजीच्या अनेक टीव्हींवर नावाऐवजी ‘PC’ हा तयार प्रकार निवडला, तर चित्रावरची प्रक्रियाही बदलते. लॅपटॉपवरची अक्षरे त्याने स्पष्ट दिसतात, सेट-टॉप बॉक्ससाठी मात्र तो निवडू नये.

राहिला रिकामा HDMI 3. तो लपवला आणि सहा महिन्यांनी पाहुण्याने लॅपटॉप लावला, तर यादीत काहीच दिसत नाही, आणि सगळे केबलला दोष देतात. म्हणून माझ्या मते, टीव्हीच्या बाजूला सहज हात पोचेल असा एक पोर्ट लपवू नये. त्याला ‘Laptop’ असे नाव देऊन यादीच्या शेवटी राहू द्यावा.