संकेतस्थळाचे ठरीव कामाचे कोटेशन

ग्राहकाला वेबसाइट करून देताना काय काय करायचे याची मोजून यादी लिहायची, तेवढ्याच कामाची एक रक्कम ठरवायची, आणि आराखडा मंजूर झाल्यावर ग्राहकाने सुचवलेल्या बदलाचे पैसे वेगळे लावायचे, या पद्धतीला ठरीव कामाचे कोटेशन म्हणतात. बोलीभाषेत ‘स्कोप फिक्स’ आणि ‘जादा काम’ हे शब्द रूढ आहेत. घर बांधणाऱ्याला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. जोत्यापर्यंत काम आल्यावर स्वयंपाकघराची भिंत दोन फूट सरकवायची म्हटले, तर कंत्राटदार त्याचे वेगळे पैसे मागणार हे सगळ्यांना मान्य असते. वेबसाइटची भिंत दिसत नाही, म्हणून तिथे तीच मागणी ‘एवढंसंच तर आहे’ म्हणून फुकट करून मागितली जाते.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका आडत दुकानाचे काल्पनिक उदाहरण घेऊन ही पद्धत पाहू. दुकानाला सहा पानांची वेबसाइट हवी आहे: मुखपृष्ठ, दुकानाची माहिती, सेलम व राजापुरी हळदीची माहिती, सौद्याची पद्धत, छायाचित्रे आणि संपर्क. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा हव्यात, म्हणजे प्रत्यक्षात पाने बारा होतात. कोटेशनमध्ये ‘सहा पाने’ एवढेच लिहिले, तर पहिला वाद तिथेच सुरू होतो. म्हणून बारा पाने, प्रत्येक पानावर जास्तीत जास्त 400 शब्द, दुकानाने दिलेली 20 छायाचित्रे, ई-मेल पाठवणारा एक चौकशी फॉर्म आणि आराखड्यात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, असे आकडे लिहायचे. ‘आवश्यक तेवढी पाने’ किंवा ‘आकर्षक डिझाइन’ या शब्दांना माप नसते, आणि माप नसलेली गोष्ट कधीच पूर्ण होत नाही. यादीत नसलेल्या गोष्टीही नाव घेऊन लिहाव्यात: ऑनलाइन विक्री नाही, मजकूर लिहून देणे नाही, डोमेन आणि होस्टिंगचे वार्षिक शुल्क यात नाही.

रक्कम तासांवरून निघते. आराखड्याला 20 तास, पाने बांधायला 36, मजकूर आणि छायाचित्रे बसवायला 12, तपासणीला 8, असे 76 तास होतात. ताशी 500 रुपये दराने 38,000 रुपये येतात. त्यावर दहा टक्के उशी ठेवली की 41,800, म्हणजे ठोकळ 42,000. ही उशी करणाऱ्याच्या स्वतःच्या अंदाजातील चुकांसाठी असते. ग्राहकाचे बदल त्यात सामावून घेऊ लागले, तर तिसऱ्या बदलापर्यंत ती संपते आणि पुढचे काम खिशातून होते. ताशी दर कोटेशनमध्येच छापलेला असावा, कारण जादा कामाचा दर काम अडल्यावर सांगितला की ग्राहकाला तो अडवणूक वाटतो, आणि त्यात त्याचे फारसे चुकतही नाही.

या पद्धतीचा सगळा भार ‘मंजुरी’ या एका क्षणावर असतो, आणि नेमका तोच सर्वांत ढिला सोडला जातो. फोनवरचे ‘छान झालंय’ किंवा व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे मंजुरी नव्हे. कोणता मसुदा मंजूर केला हे त्यातून कळत नाही. आराखड्याला क्रमांक द्यावा, लॅपटॉपवरचे आणि मोबाइलवरचे अशी दोन्ही चित्रे पाठवावीत, आणि उत्तर लेखी घ्यावे: ‘मसुदा 3, दोन्ही रूपे मंजूर. पुढचे काम सुरू करावे.’ फक्त लॅपटॉपचे चित्र मंजूर करून घेतले, तर आठवड्याने दुकानदार मोबाइलवर पाहतो आणि ‘हे असं नव्हतं ठरलं’ म्हणतो. तेव्हा तो खरेच बोलत असतो. दुसरी अडचण घरातल्या कारभाराची. मुलगा मंजुरी देतो, वडील नंतर पाहून रंगच बदलायला सांगतात. मंजुरी कोण देणार त्या एका व्यक्तीचे नाव कोटेशनमध्ये असले, तर हा पेच त्यांच्या घरात सुटतो, करणाऱ्याच्या माथी येत नाही.

आता प्रत्यक्ष बदल पाहू. मसुदा 3 मंजूर झाला, पाने बांधायला सुरुवात झाली, आणि दुकानदार म्हणाला, “पहिल्या पानावर रोजचा हळदीचा भाव दिसू दे.” ऐकायला ही एक ओळ आहे. पण भाव रोज भरणार कोण? मुनीम भरणार असेल तर त्याला लॉगिन हवे, भरण्याचा फॉर्म हवा. सेलम आणि राजापुरीचे किमान, कमाल व सरासरी दर प्रति क्विंटल वेगळे साठवायला हवेत आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावर नीट बसवायला हवेत. तयार झालेले मुखपृष्ठ मोडून पुन्हा लावायला 3 तास, फॉर्म आणि लॉगिनला 6, साठवण व मांडणीला 4, तपासणी आणि मुनिमाला शिकवणे 3. एकूण 16 तास, 8,000 रुपये, आणि काम चार दिवसांनी पुढे. हाच विषय मंजुरीआधी निघाला असता तर मोडतोडीचे 3 तास लागले नसते.

हे सगळे एका लहान बदलपत्रात लिहून पाठवतात: काय बदलणार, किती रुपये, किती दिवस. शक्य असेल तर स्वस्त पर्यायही द्यावा. इथे तो आहे: मुनिमाने रोज एकच ओळ हाताने बदलायची, त्याला 5 तास, 2,500 रुपये. जानेवारी-फेब्रुवारीत नव्या हळदीची आवक सुरू होण्याआधी वेबसाइट लागायची असल्याने दुकानदार दुसरा पर्याय घेतो. लेखी ‘मंजूर’ येईपर्यंत त्या बदलाला हात लावायचा नाही. आधी करून नंतर बिल लावले, तर ते बिल क्वचितच वसूल होते.

चूक आणि बदल यांत गल्लत होऊ नये. चौकशी फॉर्म भरूनही ई-मेल येत नसेल तर ती चूक आहे, ती फुकटच दुरुस्त केली पाहिजे. ई-मेलबरोबर व्हॉट्सॲपवरही निरोप यावा, हा बदल आहे. निवाडा एकाच प्रश्नाने होतो: मंजूर यादीत किंवा मसुद्यात ते होते का? स्वतःची चूक जादा कामात घुसवणारा माणूस पुढचे प्रत्येक बदलपत्र संशयास्पद करून ठेवतो.

मराठी मजकुराचा एक छुपा खर्च इथे सांगितलाच पाहिजे. गावातल्या डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर पुष्कळदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. वेबसाइटवर तो टाकला की भलतीच चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये रूपांतर करता येते, पण रफार आणि जोडाक्षरे जागोजागी तुटतात, म्हणून ओळ न् ओळ वाचावी लागते. त्यामुळे ‘मजकूर युनिकोडमध्ये मिळेल, तसा नसल्यास रूपांतराचे प्रति पान 500 रुपये’ हे वाक्य आधीच हवे.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 62 नुसार करारात बदल होतो तो दोन्ही पक्षांच्या संमतीने. म्हणून एकतर्फी वाढवलेले बिल टिकत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ मुळे ई-मेलवर झालेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून निरर्थक ठरत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्याने 18 टक्के कर वेगळा दाखवावा. नोंदणी नसलेल्याला तो घेता येत नाही.

ग्राहकाला काय हवे हेच ठरलेले नसेल, तर मात्र ही पद्धत चालत नाही. अशा वेळी आधी पाच-दहा तासांचे सशुल्क चर्चेचे काम करून यादी बनवावी आणि मग रक्कम सांगावी.

वरच्या उदाहरणात हप्ते असे पडतात: आगाऊ 16,800, मसुदा मंजूर होताच 12,600, वेबसाइट लागण्यापूर्वी 12,600. भावाच्या ओळीचे 2,500 आणि सहा मराठी पानांच्या रूपांतराचे 3,000 त्या-त्या वेळी आधीच घेतलेले असतात. करणारा नोंदणीकृत नाही असे धरल्यास दुकानाचा एकूण खर्च 47,500 रुपये होतो.