ऑस्करच्या ‘पात्र यादी’त नाव आले म्हणजे काय झाले? अर्ज, अटी आणि मतमोजणी

दरवर्षी जानेवारीत ‘अमुक चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत’ अशा मथळ्यांची लाट येते आणि पंधरा दिवसांनी नामांकने जाहीर झाली की तेच वाचक विचारतात, ‘मग नाव गळले कसे?’ ते गळलेले नसते, कारण ते तिथे पोहोचलेलेच नसते. २०२४ सालच्या चित्रपटांसाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीने जी पात्र यादी काढली, तिच्यात ३२३ चित्रपट होते आणि त्यांपैकी २०७ सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पुरस्कारासाठी पात्र होते. ‘कंगुवा’ या तमिळ चित्रपटाचे नाव याच यादीत होते. ही यादी कोणी चित्रपट पाहून, निवडून तयार केलेली नसते. अटी पूर्ण केल्या आणि अर्ज वेळेत भरला, एवढीच तिची पावती असते. निवडणुकीच्या भाषेत सांगायचे तर उमेदवारी अर्ज छाननीत वैध ठरला आहे. मतदान अजून व्हायचे आहे.

भारतीय चित्रपटाला आत जाण्याचे दोन रस्ते आहेत आणि बहुतेक गोंधळ हे दोन रस्ते एकच समजल्यामुळे होतो. पहिला ‘आंतरराष्ट्रीय चित्रपट’ या विभागाचा. तिथे निर्मात्याला स्वतः अर्ज करता येत नाही. प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवतो आणि भारतातर्फे ती निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने नेमलेली समिती करते. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे मराठी चित्रपट याच रस्त्याने गेले. दुसरा रस्ता सर्वसाधारण विभागांचा. तो कोणत्याही देशाच्या निर्मात्याला खुला आहे, पण त्यासाठी चित्रपट अमेरिकेत तिकीट लावून दाखवावा लागतो. २०२२ साली भारताची अधिकृत प्रवेशिका ‘छेल्लो शो’ हा गुजराती चित्रपट होता. ‘आरआरआर’ दुसऱ्या रस्त्याने गेला आणि त्याच्या ‘नाटू नाटू’ला गाण्याचा पुरस्कार मिळाला.

या दुसऱ्या रस्त्यावरच मराठी निर्माते सर्वाधिक अडखळतात. नियम वाचायला सोपा आहे: चाळीस मिनिटांपेक्षा मोठा चित्रपट, त्या कॅलेंडर वर्षात, ठरलेल्या सहा महानगर क्षेत्रांपैकी एकात, व्यावसायिक चित्रपटगृहात, सलग सात दिवस, रोज किमान तीन खेळ, आणि त्यांतला एक खेळ संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत सुरू होणारा. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोचा बे एरिया, शिकागो, डॅलस-फोर्ट वर्थ आणि अटलांटा ही ती सहा क्षेत्रे.

आता एक निर्माता माझ्यासमोर जी फाइल घेऊन बसला होता ती पाहा. न्यू जर्सीतल्या एडिसन भागात दोन शनिवार-रविवार हाउसफुल्ल खेळ, त्यांची छायाचित्रे, स्थानिक मराठी मंडळाचे कौतुकाचे पत्र, तिकिटांची अधकटे सुद्धा जपून ठेवलेली. यातले काहीच उपयोगाचे नव्हते. न्यूयॉर्क म्हणजे न्यूयॉर्क शहराचे पाच विभाग. नदीपलीकडचे न्यू जर्सी त्यात येत नाही, तिथे कितीही मराठी माणसे राहत असली तरी. शिवाय दोन शनिवार-रविवार मिळून सलग सात दिवस होत नाहीत आणि मंडळाने सभासदांसाठी घेतलेला खेळ हे व्यावसायिक प्रदर्शनही नव्हे. बे एरियाची गोष्ट अशीच आहे. अकादमीच्या व्याख्येत सॅन फ्रान्सिस्को, मरीन, अलामेडा, सॅन मटेओ आणि कॉन्ट्रा कोस्टा या पाच काउंटी आहेत. सॅन होजे आणि सनीवेल सांता क्लारा काउंटीत येतात, म्हणून तिथला आठवडा मोजला जात नाही; फ्रीमॉन्ट अलामेडात येते, म्हणून तिथला मोजला जातो. चित्रपटगृह ठरवण्याआधी ते कोणत्या काउंटीत आहे एवढे पाहिले तरी निम्मा मनस्ताप वाचेल.

दुसरी अडचण तारखेची. पात्रतेचे वर्ष ३१ डिसेंबरला संपते, म्हणून अर्जही ३१ डिसेंबरपर्यंत चालेल असे लोक धरून चालतात. तसे नाही. वर्षाच्या उत्तरार्धातल्या चित्रपटांचे अर्ज साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत द्यावे लागतात. डिसेंबरात प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटाचा अर्ज प्रदर्शनाआधीच जातो. तिसरी अडचण ओटीटीची. चित्रपट आधी घरबसल्या पाहण्यासाठी उपलब्ध झाला आणि चित्रपटगृहात नंतर आला, तर तो अपात्र ठरतो, आणि तो करार निर्मात्याने आठ महिन्यांपूर्वीच करून टाकलेला असतो. श्रेयनामावलीचा अधिकृत अर्ज ऑनलाइन भरणे आणि इंग्रजी उपशीर्षके असणे ही बाकीची कामे नेहमीची आहेत.

सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र एवढ्याने भागत नाही. २०२४ च्या चित्रपटांपासून पहिल्या आठवड्यानंतर ४५ दिवसांच्या आत अमेरिकेतल्या ५० मोठ्या बाजारपेठांपैकी दहांमध्ये आणखी सात दिवसांचे प्रदर्शन लागते. त्या दहांपैकी फार तर दोन परदेशांतली चालतात आणि त्यात चित्रपटाचा मायदेशही धरता येतो. त्यासोबत ‘रेझ’ नावाचा समावेशकतेचा अर्ज भरावा लागतो. त्याच्या चार निकषांपैकी दोन पूर्ण व्हायला हवेत. ३२३ आणि २०७ यांतला फरक या जादा अटींचा आहे.

इथपर्यंत सगळे कागदोपत्री. यापुढे मतदान, आणि ‘लोकांना आवडलेला चित्रपट का हरला’ या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. पहिली गोष्ट म्हणजे मतदार हे लोक नव्हेतच. सुमारे दहा हजार सदस्य, सगळे चित्रपट-व्यवसायातले, आपापल्या शाखांत विभागलेले. नामांकनाच्या फेरीत अभिनेते अभिनयासाठी, संकलक संकलनासाठी मत देतात. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र सगळेच देतात. अंतिम फेरीत सर्व विभाग सर्वांना खुले होतात. २०२५ मध्ये नवा नियम आला, की एखाद्या विभागात अंतिम मत देण्यासाठी त्यातले सर्व नामांकित चित्रपट पाहिलेले असावेत. म्हणजे तोवर न पाहताही मत देता येत होते.

नामांकनाची मोजणी महाराष्ट्रातल्या वाचकाला ओळखीची वाटेल. विधान परिषदेत आमदार पसंतीक्रम देतात आणि कोटा ठरतो, तसेच इथे आहे. जुलै २०२४ च्या निवडणुकीत ११ जागांसाठी २३ मतांचा कोटा होता. ऑस्करच्या पाच नामांकनांच्या विभागात ६०० मतपत्रिका आल्या असे धरले, तर ६०० ला ६ ने भागून एक मिळवायचा, म्हणजे कोटा १०१. थोडक्यात, सहाशेतल्या सुमारे शंभर जणांनी मनापासून पहिली पसंती दिली की नामांकन पक्के, मग उरलेल्या पाचशेंना तो अभिनेता मुळीच आवडलेला नसला तरी चालते. उलट सहाशेही जणांनी चौथ्या-पाचव्या क्रमांकावर लिहिलेले नाव बाहेर राहू शकते. या फेरीत कट्टर चाहते कामी येतात.

अंतिम फेरीत बहुतेक विभागांत साधे मत असते, ज्याला जास्त तो जिंकला. केवळ सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी दहा नामांकनांचा पसंतीक्रम लिहायचा असतो आणि निम्म्याहून अधिक मतपत्रिका मिळेपर्यंत मोजणी चालू राहते. सोयीसाठी चारच चित्रपट आणि शंभर मतपत्रिका घेऊ. पहिल्या पसंतीची मते ‘अ’ला ३८, ‘ब’ला ३०, ‘क’ला २० आणि ‘ड’ला १२. जिंकायला ५१ हवीत, म्हणून शेवटचा ‘ड’ बाद होतो आणि त्याच्या १२ मतपत्रिका त्यांवरच्या दुसऱ्या पसंतीकडे जातात: ८ ‘ब’कडे, ३ ‘क’कडे, १ ‘अ’कडे. आता ३९, ३८ आणि २३. पुढे ‘क’ बाद. त्याच्या २३ मतपत्रिकांपैकी १८ वर उरलेल्यांत ‘ब’ वर आहे, ५ वर ‘अ’. शेवट ‘अ’ ४४, ‘ब’ ५६. सर्वाधिक लोकांचा पहिल्या क्रमांकाचा चित्रपट हरला, कारण ज्यांचा तो पहिला नव्हता त्यांनी त्याला खाली ढकलले होते.

यावरून ‘सर्वांना थोडाफार आवडणारा चित्रपट जिंकतो’ असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. वरच्या उदाहरणात ‘ड’ हा उरलेल्या ८८ मतपत्रिकांवर दुसऱ्या क्रमांकावर असता, तरीही तो पहिल्याच फेरीत गेला असता. त्या ८८ जणांची दुसरी पसंती त्या वेळी कोणी उघडून पाहतच नाही. ‘अ’च्या ३८ मतदारांची दुसरी पसंती तर शेवटपर्यंत वाचली गेली नाही. म्हणजे जिंकायला आधी तग धरण्याइतकी पहिली पसंती लागते आणि नंतर बाद होणाऱ्यांच्या मतदारांची सदिच्छा.

२०१६ च्या चित्रपटांत ‘ला ला लँड’ला १४ नामांकने होती. साध्या मताने ठरणारा दिग्दर्शनाचा पुरस्कार त्याला मिळाला, पसंतीक्रमाने ठरणारा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ‘मूनलाइट’ला गेला. पद्धतीमुळेच तसे झाले असे ठामपणे सांगता येत नाही, कारण अकादमी मतांचे आकडे कधीच जाहीर करत नाही. हरलेल्याला आपण एका मताने हरलो की हजाराने, हेही कळत नाही. माझ्या मते या पुरस्काराच्या व्यवस्थेतला सर्वात मोठा दोष हाच आहे. ज्या निवडणुकीचा आकडा दिसत नाही तिच्यावर तर्क लढवायला सगळे मोकळे राहतात.

जनतेचे मत घ्यायचा प्रयत्नही झालेला आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लोकप्रिय चित्रपटाचा वेगळा पुरस्कार जाहीर करून टीकेमुळे महिन्याभरात स्थगित केला गेला, आणि २०२२ मध्ये ट्विटरवर घेतलेल्या चाहत्यांच्या मतदानात ‘आर्मी ऑफ द डेड’ पहिला आला. ज्याच्या चाहत्यांनी अधिक नेटाने बटणे दाबली तो जिंकला. त्यातूनही सर्वांचा लाडका चित्रपट सापडला असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

देशाच्या प्रवेशिकेबाबत तर मतदारसंख्या आणखी लहान असते. २०२४ मध्ये १३ जणांच्या समितीने २९ चित्रपटांतून ‘लापता लेडीज’ निवडला. कान महोत्सवात ग्रां प्री मिळवलेला ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ मागे राहिला. निवडलेला चित्रपट अकादमीच्या १५ चित्रपटांच्या लघुयादीत पोहोचला नाही. त्या यादीत भारतात घडणारा, हिंदीत बोलणारा ‘संतोष’ होता, पण ब्रिटनच्या नावावर. समितीवर राग काढण्याआधी एवढे तपासावे की मागे राहिलेल्या चित्रपटाला दुसरा रस्ता खुला होता का. ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ त्या रस्त्याने गेला होता आणि त्याचेही नाव त्या ३२३ मध्ये होते.